ताई चालली, हे काकांना कोणी सांगायचं?

प्रश्न: इंदूरला आमचं छोटं अकाउंटिंग ऑफिस आहे. सात वर्षं बहुतेक क्लायंट सांभाळणारी मुलगी पुढच्या महिन्याअखेर सोडतेय. चाळीस क्लायंट आहेत, त्यातले काही फक्त तिलाच ओळखतात. कोणी, कधी, कसं सांगावं? सगळ्यांना एकच व्हॉट्सअॅप मेसेज टाकला तर चालेल का?

उत्तर:

मी टाकला होता. बडोद्याला दांडिया बाजारात आमचं जीएसटीचं आणि हिशेबाचं ऑफिस आहे. आमचा एक जुना मुलगा सोडून गेला तेव्हा त्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांना एकच मजकूर पाठवला: अमुक जात आहेत, यापुढे तमुक यांच्याशी संपर्क साधावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मकरपुऱ्यातले एक शेठ ऑफिसच्या दारात उभे. ओरडले वगैरे नाहीत. एवढंच म्हणाले, "मला तर आठ दिवसांपूर्वी त्याच्याकडूनच कळलं होतं. तुम्ही कधी सांगता, त्याची वाट बघत होतो." दोन महिन्यांनी त्यांनी फायली मागून नेल्या.

म्हणून ताईच्या वेळी वेगळं केलं. ताई आमच्याकडे नऊ वर्षं होती. तिच्या क्लायंटांपैकी एकाचंच सांगतो, कारण सगळ्यांत अवघड तेच होते. जीआयडीसीत लेथचं छोटं वर्कशॉप, मालक मराठी, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. माझ्याशी ते वर्षातून दोनदा बोलायचे, ताईशी आठवड्यातून दोनदा.

ताईने १ मेला सांगितलं, शेवटचा दिवस ठरला ३० जून. पहिले पाच दिवस आम्ही बाहेर चकार शब्द काढला नाही. लपवायचं म्हणून नव्हे, जागी कोण बसणार ते ठरत नव्हतं म्हणून. "ताई जातेय, पुढचं बघू" हे वाक्य क्लायंटला ऐकवण्यापेक्षा पाच दिवस गप्प बसलेलं बरं. पण पाचच दिवस. इथे एका शेडमध्ये कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचते, आणि क्लायंटने ती तिथे ऐकली की तुम्ही पुढे काय बोलता याला फार किंमत राहत नाही.

६ मेला ताईनेच फोन केला. मी नाही. ज्या माणसावर विश्वास आहे त्यानेच आधी सांगायचं, मालकाने नंतर. मी समोर बसलो होतो, फोन स्पीकरवर होता आणि काकांना तसं सांगितलेलं होतं. ती म्हणाली, "काका, जूनअखेर मी इथलं काम सोडतेय, यांची बदली पुण्याला झालीय. तुमचं काम आता आमच्याकडचा हा मुलगा बघेल. या महिन्याची रिटर्न्स मीच भरणार, तो शेजारी बसेल. जूनची तो भरेल, मी शेजारी बसेन. उद्या दादा त्याला घेऊन तुमच्याकडे येतायत."

बराच वेळ काही नाही. मग काका म्हणाले, "बरं. पण माझं टूबीचं कोण बघणार?"

खरं सांगायचं तर ते काय विचारतायत हे मला कळलंच नाही. टूबी म्हणजे काय ते माहीत होतं, पण काकांचं खास असं काय होतं? फोन ठेवल्यावर ताईने सांगितलं. काका एका सप्लायरकडून महिन्याला साधारण सात लाखांचा माल घेतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,२६,००० रुपयांचं क्रेडिट. सप्लायरने ११ तारखेपर्यंत आपलं जीएसटीआर-१ भरलं तरच ते बिल १४ तारखेला तयार होणाऱ्या काकांच्या २बीमध्ये दिसतं. तो उशीर करतो. बिल त्या महिन्याच्या २बीत आलं नाही की २० तारखेला ३बी भरताना काकांना तेवढे पैसे खिशातून भरावे लागतात आणि क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं. म्हणून ताई दर महिन्याच्या ९ तारखेला सप्लायरच्या अकाउंटंटला स्वतः फोन करायची. हे ना आमच्या फाईलमध्ये होतं ना फीच्या बिलात. आणि काकांच्या लेखी आमचं ऑफिस म्हणजे नेमका तो फोन.

तुमच्या चाळीस क्लायंटांपैकी कितीतरी जणांचं असं काहीतरी असणार. ते बाहेर काढायला मुलीला "तू काय काय करतेस?" असं विचारू नका, ती प्रामाणिकपणे "विशेष काही नाही" म्हणेल. आम्ही ताईला सोबत बसवून तिच्याच मोबाईलमधली महिन्याभराच्या कॉलची यादी तारखेवार चाळली. हा नंबर कुणाचा? याच तारखेला का? याला दर सोमवारी का? दोन दुपारी गेल्या, पण प्रत्येक क्लायंटचं अर्धं पान भरलं. काकांच्या पानावर तीन ओळी होत्या: ९ तारखेचा फोन, सकाळी ते मशीनवर असतात, चारनंतरच उचलतात, बिलांचे फोटो पाठवतात त्यात एखादं नेहमी राहतं, वहीतले नंबर विचारून घ्यायचे.

हे पान हातात असल्याशिवाय नव्या माणसाला भेटीला नेऊ नका. ७ मेला मी मुलाला घेऊन गेलो. तो हुशार आहे, अमुक परीक्षा पास आहे, असलं काही मी बोललो नाही. अशा वेळी जितकी तारीफ कराल तितका समोरच्याला संशय येतो. मुलगाच म्हणाला, "काका, परवा ९ तारीख आहे, तुमच्या सप्लायरला मी फोन करतो आणि काय झालं ते तुम्हाला चारनंतर कळवतो." काकांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं आणि चहा मागवला.

आता एक तांत्रिक पण फार नाजूक गोष्ट. जीएसटी पोर्टलवर अधिकृत सही करणाऱ्याच्या नावापुढे मोबाईल आणि ईमेल असतो, रिटर्न भरताना ओटीपी तिथेच येतो. तिथे खरं तर मालकाचा नंबर हवा. पण मालक दुपारी ओटीपी सांगायला भेटत नाही म्हणून अनेक ऑफिसांत कर्मचाऱ्याचाच नंबर घातलेला असतो. आमच्या सहा क्लायंटांचा होता, काका त्यातलेच. असा नंबर माणसासोबत पुण्याला गेला की २० तारखेच्या संध्याकाळी तुम्ही तिच्या फोनची वाट बघत बसता. ३बीला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि कर भरायचा असेल तर त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज. नंबर पोर्टलवर `Amendment of Registration Non-Core Fields` इथे बदलतो. जुना नंबर हाताशी असताना हे किरकोळ काम आहे. तो गेला की कागदपत्रं घेऊन त्या हद्दीतल्या जीएसटी अधिकाऱ्याकडून करून घ्यावं लागतं.

हा बदल मी काकांच्या शेडमध्ये त्यांच्यासमोर केला आणि नंबर त्यांचा स्वतःचा टाकला. पासवर्डही त्यांनाच नवा टाकायला लावला. त्यांचा डिजिटल सहीचा टोकन आमच्या ड्रॉवरमध्ये पडून होता, तोही परत दिला. "हे सगळं तुमच्याकडे होतं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा जरा शरमल्यासारखं झालं. पण ताईच्या जाण्याने आपली कुठली किल्ली बाहेर जात नाही, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं.

जूनमध्ये एक गोष्ट चुकली. ९ जूनला मुलाने सप्लायरच्या अकाउंटंटला चार वेळा फोन केला, अनोळखी नंबर म्हणून त्याने उचलला नाही. मे महिन्यात त्याने ताईच्याच मोबाईलवरून केला होता, म्हणून ते लक्षात आलं नव्हतं. शेवटी ताईने फोन लावून ओळख करून दिली. म्हणजे नुसत्या क्लायंटशी ओळख करून देऊन भागत नाही, ज्याच्याशी तिचं रोजचं बोलणं आहे त्या बाहेरच्या माणसांशीही करून द्यावी लागते. ती अजून ऑफिसात होती म्हणून निभावलं.

काम खरंच नव्या माणसाकडे गेलं का, हे कसं ओळखायचं? बिलं कुणाच्या व्हॉट्सअॅपवर येतात ते बघायचं. जूनमध्ये काकांनी तीनदा ताईलाच पाठवली. पहिल्यांदा तिने मायेपोटी गुपचूप मुलाकडे पुढे ढकलली, आणि मी तिला तिथेच थांबवलं. तसं केलं की काकांच्या लेखी काहीच बदललेलं नसतं आणि तिच्या शेवटच्या दिवसानंतर सगळं एकदम कोसळतं. पुढच्या दोन्ही वेळी तिने उत्तर दिलं, "काका, त्याला पाठवा ना, तो वाट बघतोय." जुलैची बिलं थेट त्याच्याकडे आली. एक राहिलं होतं, वहीतले नंबर विचारून त्याने ते मागून घेतलं.

ती का जातेय, याचं कारण तिने जेवढं सांगायला परवानगी दिली असेल तेवढंच आणि खरं सांगा. तुमची मुलगी गावातल्याच दुसऱ्या ऑफिसात जात असेल तर "घरच्या कारणाने" म्हणू नका. राजवाड्यावर कधीतरी ती त्याच क्लायंटला भेटणारच. "दुसरीकडे काम घेतलंय" एवढं पुरतं. तिचा खासगी नंबर कुणी मागितला तर तिला विचारून द्या, नाही म्हणून अडवू नका. आणि त्या तिमाहीत फी वाढवू नका, हे सांगायला नकोच.

सगळ्या चाळीस जणांकडे जाणं शक्य नाही आणि गरजही नाही. आमच्याकडे अकरा जणांना ताईचा फोन आणि माझी भेट, बाकीच्यांना ताईचा फोन आणि लगेच माझा मेसेज. मेसेज प्रत्येकाला वेगळा, कारण त्यातलं एक वाक्य त्याच्याच कामाचं असायला हवं. उदाहरणार्थ: "ताईंनी आत्ता सांगितलंच आहे. ३० जूनपर्यंत त्या आहेत. तुमचं काम हा मुलगा बघेल, त्याचा नंबर खाली देतोय. तुमची टीडीएसची तिमाही ३१ जुलैची आहे, त्याचे कागद तो १० जुलैला मागेल. काही अडलं तर मला थेट फोन करा."

यातली १० जुलै पाळता येणार नसेल तर लिहू नका. क्लायंट ती तारीख लक्षात ठेवतो.

हे सगळं हाताशी दोन महिने होते म्हणून जमलं. तुमच्याकडे एकच महिना उरला असेल तर रिटर्नची एकच फेरी मिळेल. तेव्हा ती नव्या माणसालाच भरू द्या आणि मुलीला शेजारी बसवा. आणि ती भांडून उद्याच निघाली तर नव्या माणसाला पुढे करूच नका. पहिल्या दोन फेऱ्या ते क्लायंट तुम्ही स्वतः सांभाळा आणि फोन करून तसंच सांगा.