चार रुग्णांपैकी आधी कोणाकडे जायचे?

प्रश्न: नर्सिंगच्या परीक्षेत चार रुग्णांचे वर्णन देऊन ‘वॉर्डमधील परिचारिकेने आधी कोणाला पाहावे?’ असे विचारतात. श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण हा क्रम लावूनही माझे उत्तर चुकते. नेमके ठरवायचे कसे?

उत्तर: क्रम बरोबरच आहे, पण तो रुग्णाच्या धोक्याला न लावता वर्णनातल्या शब्दांना लावला की फसतो. ‘धाप’ किंवा ‘ऑक्सिजन’ असे शब्द दिसले की आपण त्याच पर्यायाकडे ओढले जातो, आणि प्रश्न तयार करणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. म्हणून क्रम लावण्याआधी मी प्रत्येक रुग्णाबाबत एवढेच पाहतो की, दिलेले लक्षण त्याच्या आजारात, किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या या टप्प्यावर, अपेक्षित आहे की नाही.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या रुग्णाला जुना सीओपीडी आहे. त्याच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ८९ टक्के आहे आणि शौचालयापर्यंत चालले की त्याला धाप लागते. दुसऱ्याचे अपेंडिक्स काल काढले आहे. तो वेदना दहापैकी आठ सांगतो आणि इंजेक्शनसाठी सारखी बेल वाजवतो. तिसऱ्या रुग्णाला मधुमेह आहे, साखर २८० आहे, तहान लागते, पण तो शुद्धीवर असून नीट बोलतो. चौथ्या रुग्णाची थायरॉइडची शस्त्रक्रिया सहा तासांपूर्वी झाली आहे. ऑक्सिजन ९६ टक्के आणि ड्रेसिंग कोरडे आहे, पण तिला गळ्याभोवती आवळल्यासारखे वाटते, गिळायला त्रास होतो आणि ती सारखी उठून बसते.

बरेच जण येथे पहिला रुग्ण निवडतात. परंतु सीओपीडीमध्ये कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या रुग्णासाठी ८८ ते ९२ टक्के हेच ऑक्सिजनचे उद्दिष्ट असते, आणि चालल्यावर लागणारी धाप त्याच्या जुन्या आजाराचाच भाग आहे. दुसऱ्याच्या वेदना खऱ्या आहेत, औषध लवकर द्यायलाच हवे, पण शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी त्या अपेक्षित आहेत. तिसऱ्याची साखर वाढली आहे, तरी दहा मिनिटांत त्याची अवस्था बदलण्याची शक्यता कमी आहे.

आधी जायचे ते चौथ्या रुग्णाकडे. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर मानेतील बंदिस्त जागेत रक्त साठू शकते, आणि हे बहुधा पहिल्या चोवीस तासांत घडते. साठलेल्या रक्ताच्या दाबाने शिरांतील रक्ताचा निचरा अडतो, स्वरयंत्राला सूज येते आणि श्वसनमार्ग अरुंद होत जातो. सूज वाढल्यावर श्वासनलिकेत नळी घालणेही अवघड होते. ऑक्सिजनचे प्रमाण मात्र बऱ्याच उशिरापर्यंत चांगले दिसते, त्यामुळे येथे ९६ हा आकडा दिलासा देत नाही. कोरड्या ड्रेसिंगवरही विसंबू नये: रक्त आतच साठलेले असू शकते, किंवा ओघळून मानेच्या मागे गेलेले असू शकते. म्हणून परिचारिका मानेखाली हात घालून पाहते, गळ्याची सूज आणि श्वासाचा घरघर आवाज तपासते, रुग्णाला बसते करते आणि सर्जनला ताबडतोब बोलावते. टाके उघडण्याचे साहित्य अशा रुग्णाच्या खाटेजवळ ठेवतात ते याचसाठी.

केवळ आवाज किंचित बसला असता, तर निर्णय इतका स्पष्ट नसता, कारण भूल देताना घातलेल्या नळीमुळेही तसे होते. आवळल्याची भावना, गिळण्याचा त्रास आणि अस्वस्थता एकत्र आल्याने पारडे फिरते. शस्त्रक्रियेनंतरची नवी अस्वस्थता म्हणजे भीती, असे मी सहसा धरत नाही. ऑक्सिजनची कमतरता किंवा आतला रक्तस्राव आधी तपासून पाहावा लागतो.

सराव करताना त्याच प्रश्नातील एकच तपशील बदलून पाहा. सीओपीडीचा रुग्ण तेच ८९ टक्के असताना पेंगुळलेला असेल आणि हाकेला नीट उत्तर देत नसेल, तर कार्बन डायऑक्साइड साठल्याची शंका येते आणि तो ‘अपेक्षित’ गटातून बाहेर पडतो. अपेंडिक्सची शस्त्रक्रिया व्हायचीच असेल आणि रुग्ण म्हणत असेल की वेदना अचानक थांबल्या, तर ऐकायला बरे वाटते, पण अपेंडिक्स फुटल्यावरही तसेच होऊ शकते. त्यामुळे तो कण्हणाऱ्या शेजाऱ्याच्या आधी येतो. मधुमेहाच्या रुग्णाची साखर २८० ऐवजी ४८ असेल आणि त्याला घाम सुटून तो असंबद्ध बोलत असेल, तर श्वसनाचा उल्लेख नसतानाही तो धापेच्या त्या जुन्या रुग्णाच्या पुढे जातो, कारण मेंदूला ग्लुकोज मिळायला मिनिटांचाही उशीर परवडत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे: दिलेल्या वर्णनात नसलेली माहिती मनाने भरू नये. ‘त्या वेदनेमागे कदाचित जंतुसंसर्ग असेल’ असे म्हणू लागलो, तर चारही रुग्ण तातडीचे ठरवता येतात. ताप, पोट कडक होणे किंवा नाडी वाढत जाणे असे काही लिहिलेले असेल तरच ती शक्यता विचारात घ्यावी.