दीड तास आधी पोचून पण बॅग घेतली नाही?

प्रश्न: वेब चेक-इन केलेलं, फ्लाईटच्या दीड तास आधी एअरपोर्टवर होतो, तरी काउंटरवर बॅग घेतली नाही. गेट तर २५ मिनिटं आधी बंद होतं ना?

भावा, गेटची वेळ बॅगेला लागू होत नाही. आपल्याकडं डोमेस्टिकला बहुतेक कंपन्या बॅग घेणारं काउंटर ६० मिनिटं आधी बंद करतात, आणि गोची अशी की बोर्डिंग पासवर ठळक छापलेली असते ती गेटची वेळ. वेब चेक-इननं तुमची सीट पक्की होते, बॅगेला टॅग लागत नाही.

माझंच सांगतो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी एअरपोर्टवरून ११:१० ची हैदराबाद फ्लाईट, म्हणजे काउंटर १०:१० ला बंद. मी ९:३५ ला हजर! चेक-इन झालंय म्हणून मेव्हण्यासोबत बाहेर निवांत चहा मारला, आत आलो तर बॅग एक्स-रे करायला रांग, काउंटरला माझ्यापुढं लग्नाला निघालेली आठ माणसं आणि त्यांच्या बॅगा. नंबर आला १०:०२ ला. काट्यावर १७.६ किलो, मर्यादा १५. जादा पैसे कशाला भरायचे म्हणून बाजूला होऊन बॅग उघडली, गुळाच्या दोन ढेपी आणि चार्जर, बूट काढून हातातल्या पिशवीत कोंबले, परत गेलो तर १०:१३. पोरगी म्हणाली, "सर, फ्लाईट क्लोज झाली, आता टॅग निघत नाही." तुम्ही रांगेत कधी लागला याला किंमत नाही, टॅग कधी निघाला हे बघतात.

तेव्हा लई डोकं फिरलेलं, पण कारण खरं आहे. माणूस गेटपर्यंत चालत जातो, बॅगेला स्कॅनिंग, ट्रॉली, विमानात चढवणं एवढं सगळं असतं, शिवाय बॅगा किती आणि वजन किती हे लोडशीटमध्ये, म्हणजे विमानातल्या वजनाच्या कागदावर जातं. आणि ज्याची बॅग चढली तो माणूस बसला नाही तर ती शोधून उतरवावी लागते, म्हणून बॅगेचा हिशोब आधी मिटवतात.

मेव्हणा अजून पार्किंगमध्येच होता, त्याला बोलवून बॅग परत दिली आणि १०:३० ला आरामात गेटवर, कारण गेट १०:४५ पर्यंत चालू. म्हणजे फ्लाईट चुकली नव्हती, चुकली होती फक्त बॅग. सोबत कुणी नसेल तर मात्र बसा बोंबलत. नुकसानभरपाई पण मिळत नाही, ती काउंटरवर वेळेत पोचलेल्यालाच. तिकीट बुडालंच तर टॅक्स आणि यूडीएफ म्हणजे एअरपोर्टच्या फीचे पैसे तेवढे मागून घ्या, ते परत द्यावे लागतात.

आता मी घरीच काट्यावर बॅग तोलतो, आणि ७०-७५ मिनिटं उरली असताना रांग हलत नसेल तर सरळ पुढं जाऊन फ्लाईट नंबर सांगतो, वेळ संपत आलेल्यांना बहुतेक वेळा आधी घेतात. पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवू नका, एक्स-रेत दिसली की बॅग उघडायला लावतात आणि दहा मिनिटं तिथंच जातात.

त्या दिवशी कांदा-लसूण मसाला बॅगेसोबत घरी परत आला, आणि वजनासाठी काढलेला गूळ तेवढा हैदराबादला पोचला.