फौंड्रीतला फोरमन आणि पेपरातला फोरमन

*सर, मी एम.बी.ए. पहिल्या वर्षाला आहे आणि सोबत नेटची तयारी करते. व्यवस्थापकाच्या तांत्रिक, मानवी आणि संकल्पनात्मक या तीन कौशल्यांवरचे प्रश्न सोपे वाटतात आणि नेमके तेच चुकतात. सराव पेपरात आठपैकी तीन बरोबर आले. फोरमनवरच्या एका प्रश्नाला मी 'तांत्रिक' लिहिलं, उत्तर 'मानवी' निघालं. एक गाईड म्हणतं मध्यम पातळीला मानवी कौशल्य सर्वांत महत्त्वाचं, दुसरं म्हणतं ते सगळीकडे सारखंच लागतं. खरं कुठलं? माझे बाबा शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर आहेत. आता त्यांना प्रॉडक्शन मॅनेजर करणार आहेत. ते म्हणतात, 'माझं हातातलं काम जाणार.' पुस्तकही तेच म्हणतं, नाही का?*
*— एक विद्यार्थिनी, उचगाव*

तुझा अभ्यास कमी पडलेला नाही. या धड्यावर दोन वेगळ्या जातीचे प्रश्न येतात आणि तू दोन्हींना एकच किल्ली लावतेस, एवढंच झालंय.

पहिली जात पातळीबद्दल विचारते. 'कनिष्ठ पातळीवर कोणतं कौशल्य सर्वाधिक लागतं?' याचं उत्तर पुस्तकातल्या त्या तिरक्या रेषांच्या आकृतीत आहे, जिथं प्रत्येक कौशल्याचा एक पट्टा असतो: खालच्या पातळीवर तांत्रिक पट्टा रुंद, वरच्या पातळीवर संकल्पनात्मक. दुसरी जात प्रसंग देते. कोणीतरी काहीतरी केलं, त्यात कोणतं कौशल्य दिसतं? इथं आकृती बाजूला ठेवायची. तू 'फोरमन' हा शब्द वाचलास, फोरमन म्हणजे कनिष्ठ पातळी, म्हणजे तांत्रिक, असा हिशेब केलास आणि त्यानं काय केलं ते वाचायचं राहून गेलं.

हे वर्गीकरण रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात मांडलं. त्यांचा भर साहेबाच्या अंगच्या गुणांवर नव्हता. साहेब प्रत्यक्ष काय करतो आणि ते शिकता येतं का, यावर होता. म्हणून प्रसंगाच्या प्रश्नात पद कमी आणि कृती जास्त वाचायची.

तुझ्या घरातलंच उदाहरण घेऊ. शिरोलीच्या फौंड्रीत सकाळची पाळी आहे. पंपाच्या बॉडीची कास्टिंग चालू आहेत. रोज दोनशेमध्ये पाच-सहा नग रिजेक्ट होतात, आज फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग साफ करायला, गेल्यावर अठरा निघाले. सगळ्यांत एकच दोष, ब्लो होल. म्हणजे वितळलेल्या लोखंडात वायू अडकला आणि आत पोकळी राहिली.

फोरमन आधी साच्यासाठी कालवलेल्या सँडपाशी जातो. मूठभर सँड घेऊन दाबतो, गोळा मोडून कड बघतो, मग लॅबमधून ओलावा तपासून घेतो. साडेतीन टक्क्यांच्या आसपास असायला हवा, तो पावणेपाच निघतो. चौदाशे अंशांच्या घरातलं लोखंड साच्यात पडल्यावर जास्तीच्या पाण्याची वाफ होते. तिला सँडमधून बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती लोखंडातच घुसते. तो मिक्सरमधलं पाणी कमी करायला लावतो. हे तांत्रिक कौशल्य. त्याचा झगडा वस्तूशी आणि प्रक्रियेशी आहे.

तेवढ्यात साचे बनवणारा मोल्डर आणि मिक्सरवाला पोरगा यांची जुंपते. मोल्डर म्हणतो, 'यानं पाणी ओतलं.' पोरगा म्हणतो, 'सँड सुटतेय, पाणी वाढव, असं तुम्हीच ओरडला होता.' फोरमन दोघांना भट्टीच्या आवाजापासून लांब नेतो. आधी पोराला बोलू देतो, कारण मोल्डर वीस वर्षांचा जुना आहे आणि त्याच्यासमोर पोरगं गप्प बसणार हे त्याला ठाऊक आहे. मग मोल्डरचा मान राखून ठरवतो की पाणी वाढवायचं असेल तर आधी फोरमनला सांगायचं. हे मानवी कौशल्य. माणूस तोच, पाळी तीच, पण तू इथं 'तांत्रिक' लिहिलंस तर गुण गेला.

आता तिसरी गोष्ट. सँड सुटत का होती, हा प्रश्न उरतोच. फोरमन रजिस्टर चाळतो आणि त्याच्या लक्षात येतं की गेल्या आठवड्यापासून बेंटोनाइट, म्हणजे सँडला धरून ठेवणारी माती, दुसऱ्या पुरवठादाराकडून येतंय. स्वस्त आहे म्हणून खरेदी विभागानं बदललं. पण त्याची पकड कमी, म्हणून ते जास्त घालावं लागतं. ते जास्त झालं की पाणीही जास्त लागतं. मग वाफ, मग ब्लो होल, मग रिजेक्ट झालेला माल पुन्हा भट्टीत. विजेचं बिल वाढतं, गिऱ्हाइकाची गाडी चुकते. खरेदीत वाचलेले पैसे वितळण्यात आणि उशिरात गेले. तो वरच्या साहेबांना लिहून कळवतो की दर एकट्याचा बघू नका, रिजेक्शन धरून बघा. एका विभागातल्या निर्णयाचा धक्का दुसऱ्या विभागात कुठं बसतो हे दिसणं म्हणजे संकल्पनात्मक कौशल्य. आणि ते इथं फोरमननं दाखवलं, डायरेक्टरनं नव्हे.

प्रसंग वाचताना मी विद्यार्थ्यांना एकच चाचणी करायला सांगतो. त्या माणसाकडून एक कौशल्य मनातल्या मनात काढून घे आणि बघ, प्रश्नात दिलेलं काम अडतं का. मोल्डरचं भांडण मिटवणाऱ्या फोरमनला सँडमधलं ओ की ठो कळत नसतं, तरी दोघांना शांत करणं जमलं असतं. माणसं हाताळता येत नसती तर मात्र अडलं असतं. म्हणून मानवी. सराव पेपरातला तुझा फोरमनचा प्रश्न या चाचणीतून पुन्हा एकदा काढून बघ.

आता तुझी दोन गाईडं. दोन्ही खरी आहेत, कारण दोघांची तुलना वेगळी आहे. आकृतीतला मधला, मानवी कौशल्याचा पट्टा वरपासून खालपर्यंत साधारण सारख्या रुंदीचा असतो. पातळ्यांची एकमेकींशी तुलना केली तर मानवी कौशल्य सगळीकडे सारखं लागतं. पण फक्त मधल्या पातळीवर आडवी रेघ मारून तिथली तीन कौशल्यं एकमेकांशी ताडून बघ. तांत्रिक खालच्यापेक्षा कमी झालेलं असतं, संकल्पनात्मक वरच्याइतकं वाढलेलं नसतं, आणि बऱ्याच पुस्तकांतल्या आकृतीत त्या ओळीत मानवी पट्टाच रुंद दिसतो. म्हणून 'मध्यम पातळीवर कोणतं कौशल्य?' याला 'मानवी', आणि 'मानवी कौशल्य कोणत्या पातळीवर?' याला 'सर्व पातळ्यांवर'. प्रश्न उलटला की उत्तरही बदलतं. पर्यायांत 'सर्व पातळ्यांवर' दिलेलंच नसेल तर 'मध्यम' निवड, पण आधी चारही पर्याय वाच.

कॅट्झ यांनी १९७४ साली आपल्याच लेखावर पुन्हा लिहिलं, तेव्हा मानवी कौशल्याचे दोन भाग पाडले. एक म्हणजे आपल्या हाताखालच्या गटाला सांभाळणं, हे खालच्या आणि मधल्या पातळीवर जास्त लागतं. दुसरं म्हणजे गटागटांमधले संबंध सांभाळणं, याची गरज वर जावं तशी वाढते. प्रॉडक्शन आणि क्वालिटी एकमेकांकडे बोट दाखवत असताना दोघांना एका टेबलाशी बसवणारा वर्क्स मॅनेजर, हे या दुसऱ्या भागाचं उदाहरण. सविस्तर उत्तरात ही दोन वाक्यं लिहिलीस तर तपासणाऱ्याला कळतं की आकृती पाठ करून आलेली नाहीस.

विधान आणि कारण प्रकारात 'लागतच नाही', 'फक्त', 'पूर्णपणे' असे शब्द दिसले की थांब. 'उच्च पातळीवर तांत्रिक कौशल्याची गरज तुलनेनं कमी असते' हे बरोबर. 'उच्च व्यवस्थापनाला तांत्रिक कौशल्य लागत नाही' हे चूक. याचं कारण आकृतीत लिहिलेलं नसतं, ते समजून घे. मोठ्या कंपनीत वरच्या साहेबाच्या हाताखाली जाणकार माणसं असतात, त्यांच्या ज्ञानावर तो भागवू शकतो. लहान कारखान्यात अशी फौज नसते. छोट्या धंद्यात वरच्या माणसाला त्या कामाची स्वतःची माहिती जास्त लागते, हे कॅट्झ यांनीही नंतर मान्य केलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या छोट्या वर्कशॉपचा मालक दुपारी स्वतः लेथवर उभा असतो आणि संध्याकाळी बँकेच्या साहेबासमोर बसून नव्या मशीनचं कर्ज मागत असतो. तिथं तिन्ही पातळ्या एकाच माणसात आहेत. आकृती ही मोठ्या, उतरंड असलेल्या संस्थेची आहे. पेपरात वेगळं सांगितलं नसेल तर तीच धरून उत्तर दे, पण ती शिरोलीच्या प्रत्येक शेडला लागू पडेल असं समजू नकोस.

बाबांचं दुःख खरं आहे, त्याला हलकं घेऊ नकोस. इतकी वर्षं मूठभर सँड दाबून ओलावा ओळखणाऱ्या माणसाला टेबलाशी बसवायचं म्हणजे त्याच्या हातची विद्या काढून घेतल्यासारखं वाटणारच. पुस्तक मात्र तसं म्हणत नाही. पट्टा अरुंद होतो म्हणजे त्या ज्ञानाला दिवसातला कमी वेळ मिळतो. सँड कळणारा मॅनेजर खरेदी विभागाशी बेंटोनाइटवरून भांडू शकतो, न कळणारा गप्प बसतो. वर मी जे पत्र फोरमनला लिहायला लावलं, ते बाबांनी मॅनेजर होऊन लिहिलं तर त्याला वजन जास्त येईल.

धोका दुसरीकडे आहे. चांगला सुपरवायझर मॅनेजर झाला की पहिल्या अडचणीला तो पुन्हा मिक्सरपाशी जाऊन उभा राहतो, कारण तिथं त्याला सगळं येतं. मग नवा सुपरवायझर शिकत नाही आणि क्वालिटीबरोबरची बैठक राहून जाते. हे घडतंय का ते दोन महिन्यांनी ओळखता येईल. बाबांच्या सुट्टीच्या दिवशी शॉपमधून पाणी किती टाकायचं असं विचारणारे फोन येत असतील, तर काम अजून त्यांच्याच हातात आहे. त्यांनी आत्ताच, बढतीचं पत्र हातात पडण्याआधी, एक माणूस निवडावा. रोज सकाळची सँडची तपासणी त्याला करू द्यावी आणि आपण शेजारी हात मागे बांधून उभं राहावं. त्याचा अंदाज चुकला तर लगेच आकडा सांगू नये, त्यालाच लॅबकडे पाठवावं.