ठेकेदाराचा चौरस फुटाचा दर कसा तपासायचा?

प्रश्न: "१,००० चौरस फुटांचं बैठं घर बांधायचं आहे. ठेकेदार चौरस फुटाचा एकच आकडा सांगतो. तो बरोबर आहे की नाही, हे कसं कळणार?"

मी बरीच वर्षं अंदाजपत्रकं करतोय. त्या एका आकड्यावर घासाघीस करू नका, तो उलगडून बघा.

फक्त वीटकाम घेऊ. समजा नऊ इंची भिंती मिळून २८ घनमीटर भरल्या. घनमीटरला साधारण ५०० विटा, म्हणजे १४,०००. तूटफूट धरून १४,७००. एकास सहा मसाल्याला घनमीटरमागे सव्वा पोतं सिमेंट धरलं, तर ३५ पोती. मालाचा हिशेब इथे संपला. तो सोपा असतो आणि त्यात सहसा कुणी फार फसत नाही.

खरी मेख मजुरीत आहे. एक गवंडी दिवसाला साधारण एक घनमीटर बांधतो. दोन गवंडी आणि तीन बिगारी लावले तर १४ दिवस. बिगाऱ्याची एक दिवसाची मजुरी म्हणजे एक हजेरी, आणि गवंड्याची दीड, असं धरा. टोळीला रोज सहा, म्हणजे एकूण ८४ हजेऱ्या. विटांची गाडी दोन दिवस उशिरा आली आणि टोळी बसून राहिली, तर १२ हजेऱ्या फुकट गेल्या. भिंत तेवढीच, मजुरी १४ टक्क्यांनी वर.

आता सुपरवायझर, वॉचमन, पाणी, वीज, भाड्याची अवजारं. हे खर्च चौरस फुटावर चालत नाहीत, दिवसांवर चालतात. रोजचे चार हजेऱ्या धरले तर १८० दिवसांत ७२०, म्हणजे चौरस फुटाला ०.७२ हजेरी. काम ६० दिवस लांबलं की ०.९६. सुपरवायझर तीन साइट्स बघत असेल तर त्याचा एक तृतीयांशच धरा; पूर्ण पगार लावलेला असेल तर विचारा.

शेजारच्या मोठ्या इमारतीचा दर इथे लावू नका. २० बाय २० फुटांच्या खोलीला ४०० चौरस फुटांसाठी ८० फूट बाहेरची भिंत लागते. ४० बाय ४० ला १,६०० साठी १६०. लहान बांधकामात दर चौरस फुटामागे भिंत दुप्पट पडते, प्लास्टरही. महाग वाटतं ते यामुळेच, दरवेळी लबाडी नसते.

आणि भागाकार कशाने केलाय ते आधी विचारा. बिल्टअप १,००० आणि कार्पेट ८५० असेल, तर तीच रक्कम कार्पेटवर मांडली की दर जवळजवळ १८ टक्क्यांनी चढा दिसतो. कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी, शोषखड्डा दरात आहेत का, हे मात्र लेखीच घ्या. तोंडी 'सगळं आलं त्यात' म्हणणारा ठेकेदार टाकीच्या वेळी वेगळं बिल काढतो, माझ्या घराच्या वेळी मीही भरलंय.