समान ० आणि १: परीक्षेतील ट्युरिंग यंत्राची मांडणी

प्रश्न असा: ज्या शब्दमालेत `0` आणि `1` यांची संख्या समान आहे ती स्वीकारणारे ट्युरिंग यंत्र काढा. बहुतेक नवे विद्यार्थी इथे `0ⁿ1ⁿ` चेच यंत्र काढतात आणि मग ते `10` नाकारते. या प्रश्नात क्रमाला महत्त्व नाही, म्हणून पहिले चिन्ह कोणते आहे त्यानुसार दोन वाटा ठेवाव्यात.

`q0` मध्ये `0` दिसल्यास त्याजागी रिक्त चिन्ह `B` लिहून `q1` मध्ये जावे व उजवीकडे `1` शोधावा; `1` दिसल्यास तसेच `q2` मध्ये `0` शोधावा. जोडीदार सापडला की त्यावर `X` लिहून `q3` मध्ये `B` लागेपर्यंत डावीकडे यावे, मग एक घर उजवीकडे सरून `q0` गाठावी. `q0` ने वाटेतील `X` सुद्धा `B` करत पुढे जावे, म्हणजे डावी सीमा कधीच हरवत नाही. `q0` ला थेट `B` मिळाला तर स्वीकार. `q1` किंवा `q2` ला मिळाला तर नकार.

`0110` ची टेप फेरीगणिक अशी दिसते:

```
0110 → BX10 → BBBX → स्वीकार
```

सर्वाधिक गुण जातात ते `q1`, `q2` मध्ये `X` ओलांडण्याचे संक्रमण विसरल्याने. `0011` चालवून पाहिल्यास दुसऱ्या फेरीत `q1` मधील यंत्र `X` वरच अडकते आणि चूक लगेच उघडी पडते. रिकामी शब्दमालाही स्वीकारली जाते, हे उत्तरात स्पष्ट लिहावे.