ॲसिटोफिनोन ऑक्झिमला आम्ल दिलं की फेनिल सरकतो की मिथिल?

प्रश्न: ॲसिटोफिनोनच्या ऑक्झिमवर आम्लाची क्रिया केली की ॲसिटॅनिलाइड मिळतं की एन-मिथिलबेन्झामाइड? क्लासमध्ये सांगितलं, ज्याची मायग्रेटरी ॲप्टिट्यूड जास्त तो गट सरकतो. गाइडमध्ये लिहिलंय, ओएचच्या अँटी असलेला गट सरकतो. नेमकं काय धरायचं? आणि प्रॅक्टिकलला पॉलिफॉस्फोरिक आम्ल वापरून केलं तेव्हा स्फटिकांऐवजी चिकट तेल आलं, तेही थोडंच. कुठे चुकलं?

उत्तर:

ॲसिटॅनिलाइड मिळतं, म्हणजे फेनिल सरकतो. पण तो फेनिल आहे म्हणून नव्हे, तर या ऑक्झिममध्ये तो ओएचच्या विरुद्ध बाजूला बसलेला असतो म्हणून. गाइड बरोबर आहे. क्लासमधलं वाक्य पिनॅकॉल पुनर्रचनेतून इकडे आलेलं दिसतं. तिथे सरकणाऱ्या गटासमोर रिकामा कार्बन असतो आणि शेजारचे गट आपसांत स्पर्धा करू शकतात. बेकमन पुनर्रचनेत, म्हणजे ऑक्झिमपासून अमाइड बनवणाऱ्या या क्रियेत, तशी मोकळीक नाही.

ऑक्झिममधला कार्बन-नायट्रोजन बंध दुहेरी असल्यामुळे तो सहज फिरत नाही. ओएच एकतर मिथिलच्या बाजूला असतो, नाहीतर फेनिलच्या. आम्ल ओएचला प्रोटॉन देऊन (किंवा फॉस्फेट जोडून) त्याचं रूपांतर चांगल्या निघून जाणाऱ्या गटात करतं. तो निघून जात असतानाच कार्बनवरचा एक गट आपल्या इलेक्ट्रॉनजोडीसह नायट्रोजनवर येतो. ही जोडी नायट्रोजन-ऑक्सिजन बंधाच्या पाठीमागूनच आत शिरू शकते, आणि ती पाठ म्हणजे ओएचच्या नेमकी विरुद्ध दिशा. ओएचच्याच बाजूचा गट स्वभावाने कितीही सरकायला तयार असला तरी त्याला ती वाटच नसते. दोन्ही घटना एकाच वेळी घडतात, मध्ये उघडा नायट्रोजन धनायन तयार होत नाही. मग उरतो नायट्रिलियम आयन. त्याच्यावर पाणी आलं, प्रोटॉनची अदलाबदल झाली की अमाइड.

आता ॲसिटोफिनोनचं बघू. मिथिल लहान, फेनिल मोठा, त्यामुळे ओएच मिथिलच्या बाजूला बसणं सोयीचं. त्या समघटकाला ई म्हणतात. नेहमीच्या पद्धतीने केलेलं आणि स्फटिकीकरण केलेलं ऑक्झिम प्रामुख्याने हेच असतं. फेनिल अँटी, म्हणून फेनिल नायट्रोजनवर जातो, मिथिल कार्बनवरच राहतो: CH3–C≡N⁺–C6H5, आणि पाण्यानंतर CH3CONHC6H5.

अँटीच का, सिन का नाही, हा प्रश्न एके काळी खरोखर वादाचा होता. ही पुनर्रचना बेकमन यांनी 1886 मध्ये नोंदवली, आणि सुरुवातीची बरीच वर्षं जवळचा, म्हणजे सिन गट सरकतो असंच धरून ऑक्झिमची संरचना ठरवली जात होती. 1921 मध्ये मायझेनहायमर यांनी ही समजूत उलटवली. पटायला सर्वांत सोपं उदाहरण मात्र 2-ब्रोमो-5-नायट्रोॲसिटोफिनोनच्या दोन ऑक्झिमांचं आहे. एक ऑक्झिम थंड सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ब्रोमीन गमावून वलय बनवतं, दुसरं तसंच राहतं. वलय व्हायचं तर ऑक्सिजन ब्रोमीन असलेल्या ॲरिलच्या बाजूलाच हवा. म्हणजे पहिल्यात ओएच ॲरिलला सिन आणि मिथिलला अँटी. या पहिल्याची बेकमन केली की एन-मिथिल बेन्झामाइड मिळतं, आणि वलय न बनवणाऱ्या दुसऱ्याची केली की ॲनिलाइड. दोन्हींत सरकला तो पलीकडचाच गट.

परीक्षेत आवडीने विचारलं जाणारं 2-मिथिलसायक्लोहेक्झॅनोनसुद्धा याच नियमाने सुटतं. ओएच गर्दी टाळून साध्या CH2 कडे तोंड करतो, मिथिल असलेला कार्बन अँटी होतो, तोच सरकतो, आणि लॅक्टममध्ये मिथिल नायट्रोजनच्या शेजारी, सातव्या स्थानावर येतो. ‘जास्त प्रतिस्थापित गट सरकतो’ हे वाक्य इथे खरं ठरतं, आणि त्यामुळेच घोटाळा होतो. बहुतेक वेळा मोठा गटच अँटी असतो, म्हणून चुकीचं कारण देऊनही उत्तर बरोबर येतं.

तरीही क्लासमधलं वाक्य पूर्ण टाकाऊ नाही, आणि ही गोष्ट पुस्तकं घाईत उरकतात. आम्लात ऑक्झिमचे दोन समघटक एकमेकांत बदलू शकतात. नायट्रोजनवर प्रोटॉन बसला की दुहेरी बंध थोडा सैल होतो, क्लोराइड आयन असतील तर ते कार्बनवर येऊन-जाऊनही हेच करतात. हा बदल पुनर्रचनेपेक्षा जलद असेल, तर बाटलीत सुरुवातीला कोणता समघटक होता याला फारसा अर्थ राहत नाही. दोन समघटकांपैकी ज्याची पुनर्रचना जलद, तो संपत जातो आणि दुसरा त्याची जागा भरत राहतो. सरकणारा गट अजूनही अँटीच असतो, पण कोणत्या समघटकातून जास्त माल जाईल हे ठरवण्यात गटाच्या स्वभावाला वाव मिळतो. म्हणून गरम पॉलिफॉस्फोरिक आम्लात मिळालेल्या अमाइडवरून ‘मूळ ऑक्झिम अमुकच होतं’ असा निष्कर्ष काढू नये. तसा निष्कर्ष हवा असेल तर कोरड्या ईथरमध्ये, बर्फात ठेवून, फॉस्फरस पेंटाक्लोराइड वापरायचं. 2.7 ग्रॅम ऑक्झिमला साधारण 5 ग्रॅम, थोडं थोडं करून. तिथे पुनर्रचना लवकर होते आणि समघटकांची अदलाबदल कमी. हे काम धूरकपाटातच करायचं, कारण हायड्रोजन क्लोराइड निघतो, आणि जवळपास ज्योत नको. 4-मेथॉक्सीबेन्झोफिनोनसारख्या रेणूत दोन्ही बाजू आकाराने जवळपास सारख्या, त्यामुळे ऑक्झिमचं मिश्रणच मिळतं आणि अमाइडही दोन. तिथे एकच उत्तर मागणारा प्रश्न मुळात अपुरा असतो.

आता तुमचं चिकट तेल. आधी ऑक्झिम कसं होतं ते पाहा. 6.0 ग्रॅम ॲसिटोफिनोन, 5.2 ग्रॅम हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड आणि 10.2 ग्रॅम सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट, 20 मिली पाणी आणि 30 मिली इथेनॉलमध्ये तासभर रिफ्लक्स करून बर्फाच्या पाण्यात ओतलं की ऑक्झिम घनरूपात पडतं. शुद्ध आणि कोरड्या ऑक्झिमचा वितळणबिंदू सुमारे 59–60 अंश असतो. 50 च्या आसपास मऊ पडत असेल तर त्यात पाणी, ॲसिटोफिनोन किंवा दुसरा समघटक आहे. ओलं ऑक्झिम गरम आम्लात टाकलं तर त्यातलं काही पाण्याशी क्रिया करून पुन्हा ॲसिटोफिनोन होतं, आणि ते गोडसर वासाचं तेल म्हणून वर येतं. म्हणून ऑक्झिम शोषक कागदांत दाबून, मग हवेत किंवा डेसिकेटरमध्ये पूर्ण वाळवायचं.

पुनर्रचनेसाठी 2.7 ग्रॅम (20 मिलिमोल) ऑक्झिमला निदान 50 ग्रॅम पॉलिफॉस्फोरिक आम्ल घ्या. आम्ल थंडपणी काकवीसारखं घट्ट असतं. ते 60–70 अंशांपर्यंत तापवूनच ओतावं, नाहीतर ढवळणं फक्त काडीपुरतं होतं. ऑक्झिम एकदम टाकू नका. क्रियेतून बरीच उष्णता निघते, आणि घट्ट द्रवात ती एका जागी साठून काळपट डांबर होतं. थोडं थोडं घालत, सतत ढवळत, 95–100 अंशांवर दहा ते पंधरा मिनिटं ठेवलं की पुरे. थोडं थंड झालं की ते सुमारे 150 ग्रॅम बर्फावर, ढवळत ओता. उलटं, म्हणजे आम्लात पाणी, कधीच नाही. आम्लाचे गोळे पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. हे गोळे पुष्कळदा ‘चिकट उत्पादन’ म्हणून गाळणीवर घेतले जातात. सौम्य केलेलं आम्ल मात्र गरम करत बसू नका, कारण मग अमाइडचं जलअपघटन होऊन ॲनिलिन तयार होतं आणि लवण होऊन पाण्यात निघून जातं.

तेलाचं दुसरं कारण स्फटिकीकरणातलं, आणि माझ्या अंदाजाने तुमचं तेच असावं. उकळत्या पाण्यात ॲसिटॅनिलाइड 100 मिलीला साधारण 5 ग्रॅम विरघळतं. पाणी त्याहून कमी पडलं की न विरघळलेला भाग वितळून तळाशी तेलाचा थर होतो, त्याला अशुद्धी समजून लोक गरम गाळणीत टाकूनही देतात. अशा वेळी थोडं उकळतं पाणी वाढवायचं, तेल नाहीसं होईपर्यंत. तुमच्या 2.7 ग्रॅमला 60 मिली पुरावं. पण फार ढिलाईही नको. 25 अंशांवर 100 मिली पाणी सुमारे अर्धा ग्रॅम ॲसिटॅनिलाइड धरून ठेवतं, म्हणजे 60 मिलीत 0.3 ग्रॅम, उत्पादनाचा दहावा भाग, तसाच जातो. 200 मिली वापरलं असेल तर ‘थोडंच आलं’ याचं कोडं उलगडलं. बर्फात थंड करून गाळा आणि धुवायला थोडं बर्फाळ पाणीच घ्या.

मिळालेलं कोणतं अमाइड आहे हे वजनाने किंवा रेणुभाराने कळणार नाही, कारण ऑक्झिम, ॲसिटॅनिलाइड आणि एन-मिथिलबेन्झामाइड तिन्हींचं सूत्र एकच, C8H9NO. वितळणबिंदू मात्र दूर दूर आहेत: ॲसिटॅनिलाइड सुमारे 114, एन-मिथिलबेन्झामाइड सुमारे 80, ऑक्झिम 60. नुसत्या वितळणबिंदूवर विश्वास नसेल तर थोडा नमुना हायड्रोक्लोरिक आम्लात उकळून बघा. ॲसिटॅनिलाइडपासून ॲनिलिन मिळतं. द्रावण बर्फात थंड करून सोडियम नायट्राइट घाला आणि ते अल्कलीतल्या बीटा-नॅफ्थॉलमध्ये ओता, नारिंगी-लाल रंग येतो. एन-मिथिलबेन्झामाइडपासून बेन्झॉइक आम्लाचे पांढरे स्फटिक पडतात आणि रंग येत नाही. प्रोटॉन एनएमआर मिळत असेल तर आणखी सोपं. ॲसिटॅनिलाइडचा मिथिल 2.1–2.2 पीपीएमच्या आसपास एकेरी रेघ देतो, दुसऱ्याचा नायट्रोजनवरचा मिथिल 3.0 च्या आसपास, शेजारच्या एनएचमुळे दुभंगलेला.

एक अपवाद ध्यानात असू द्या. अँटी गट टर्शरी-ब्युटिलसारखा असेल, म्हणजे स्वतंत्र धनायन म्हणून सहज टिकणारा, तर तो नायट्रोजनवर जाण्याऐवजी पूर्ण सुटूनच जातो आणि मागे नायट्राइल उरतं. पिनॅकोलोनच्या ऑक्झिममधून असं ॲसिटोनायट्राइल निघतं. तीव्र आम्लात टर्शरी-ब्युटिल धनायन त्याच नायट्राइलच्या नायट्रोजनला पुन्हा जोडला गेला तर अपेक्षित अमाइडच दिसतं आणि साधी बेकमन झाली असा भास होतो. हे तपासायचं तर दोन वेगवेगळी ऑक्झिमं एकत्र घालून क्रिया करायची. नेहमीच्या बेकमनमध्ये गट रेणू सोडून जात नाही, त्यामुळे दोनच अमाइडं मिळतात. तुटून-जोडून झालं असेल तर एकाचा गट दुसऱ्याच्या नायट्राइलवर बसलेला सापडतो.