लग्नानंतर आडनाव बदलायचं, आधी आधार की पासपोर्ट?

लग्न होऊन तीन महिने झाले, पासपोर्ट, बँक, पॅन सगळं माहेरच्या नावावर आहे. कोल्हापुरात राहतो. सुरुवात कुठनं करू?

उत्तर:

आधी मॅरेज सर्टिफिकेट, मग आधार, मग पॅन, मग बँक आणि शेवटी पासपोर्ट. शहरात असाल तर महापालिकेत, गावाकडं असाल तर ग्रामपंचायतीत नोंदणी होते. गॅझेटच्या मागं लागू नका, नुसतं वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि आडनाव बदलत असेल तर सर्टिफिकेटवर काम होतं, पण सासरी पहिलं नावही बदललं असेल तर मात्र गॅझेट लागतंय.

खरी गोची आधारला होते. नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळं पावती हातात आली की स्पेलिंग तिथंच उभं राहून वाचा. माझ्या बायकोच्या आधारवर Patil च्या जागी Pateel पडलं, आम्ही न बघता घरी आलो, मग पॅनचा अर्ज अडकला आणि ते दुरुस्त करण्यातच दुसरा चान्स गेला. पॅनवर आधारसारखंच अक्षर न् अक्षर नाव घ्या, मग दोन्ही घेऊन बँकेत जा, सहीपण नवीन द्या, नाहीतर जुन्या सहीचे चेक घोळ घालतात.

पासपोर्टमध्ये खाडाखोड होत नाही, री-इश्यू म्हणून नवीनच पुस्तक मिळतं, साध्या ३६ पानीला १५०० रुपये. आणि हो, हनिमूनचं परदेशी तिकीट जुन्या नावानं काढलं असेल तर आधी फिरून या, मग पासपोर्टला हात लावा.